तुझा इंट्रो कापलाय, रागावू नकोस

प्रिय सम्या,

तुझा रोजगार हमीवरचा निबंध वाचला. मजकूर चांगलाय रे, पण इंट्रो पाऊण पान आणि त्यात भारत कृषिप्रधान देश आहे इथपासून सुरुवात, मग १९७२ चा दुष्काळ, खडी फोडणारे लोक, योजनेचे जनक वि. स. पागे, आणि एवढं वाचूनही तुला म्हणायचं काय ते कळतच नाही. ते सापडलं कुठे माहितीये? शेवटच्या पॅरात! बहुतेकांचं असंच होतं, लिहिता लिहिता मत पक्कं होतं आणि ते जिथे सुचलं तिथेच पडून राहतं. म्हणून इंट्रो कापताना आधी शेवट वाचायचा.

तिथून उचललेलं वाक्य हे: "रोजगार हमी दुष्काळानंतरही टिकली, कारण तिला स्वतःचा पैसा आणि कायद्याचा आधार मिळाला." हे चालेल, कारण यावर कुणी "छे, ती राजकारणामुळे टिकली" असं भांडू शकतो. "रोजगार हमी ही महत्त्वाची योजना आहे" यावर कोण भांडणार? म्हणजे ते थिसिस, निबंधाचा मुख्य दावा, नाहीच.

त्याच्यापुढे रस्ता सांगणारं एकच वाक्य: "आधी दुष्काळी कामं आणि हमी यांतला फरक, मग पैशासाठी १९७५ चा व्यवसाय कर, शेवटी १९७७ चा कायदा." बास. "प्रस्तुत निबंधात मी प्रयत्न करणार आहे" वगैरे नको, पाच पानांच्या निबंधाला तेवढी तुतारी कशाला. पागे आणि खडी फेकू नकोस हं, पहिल्या बॉडी पॅरात टाक, तिथे त्यांना काम आहे. फक्त योजना काय होती हे सरांना माहीत असेलच असं नाही, तर मागणाऱ्याला काम द्यायची सरकारने घेतलेली जबाबदारी, एवढं अर्धं वाक्य थिसिसच्या आधी राहू दे.

आता गंमत बघ. हा रस्ता तुझ्या पॅरांच्या पहिल्या वाक्यांशी ताडून पाहिला तर बायकांच्या मजुरीवरचा चौथा पॅरा कुठेच बसेना. लांब इंट्रोत हे लपून राहिलेलं, दोन वाक्यांत लगेच उघडं पडलं. घाईने थिसिसला "आणि स्त्रियांनाही फायदा झाला" असं शेपूट जोडू नकोस, मग वाक्य दोन गोष्टी सांगायला लागतं आणि कुठलीच धड नाही. त्यापेक्षा पॅराच वळव: महाराष्ट्राच्या १९७७ च्या कायद्यात हक्क ग्रामीण भागातल्या प्रत्येक प्रौढ माणसाला होता, तर २००५ च्या केंद्राच्या कायद्यात वर्षाला १०० दिवस, तेही अख्ख्या कुटुंबाला मिळून. म्हणजे राज्याच्या कायद्यात बाईचा हक्क नवऱ्याच्या वाट्यातून जात नव्हता. मग तो पॅरा कायद्याच्या मुद्द्याखालीच येतो, इंट्रोला हात लावावा लागत नाही.

नाहीच वळला तर काढ सरळ, कितीही आवडता असला तरी. नवीन इंट्रो आणि प्रत्येक पॅराचं फक्त पहिलं वाक्य एवढंच पाठव, बाकी नको, रात्री बघतो.

तुझा,
नित्या