नोटिशीला धाड म्हणू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पान पाचवर त्या कंपनीची बातमी वाचली. मथळा केवढा ठळक, 'कंपनीवर निबंधकांची धाड'! आणि खाली चौथ्या परिच्छेदात तुमचाच वार्ताहर लिहितो की निबंधक कार्यालयाने नोटीस पाठवून गेल्या तीन वर्षांच्या हिशेबाच्या वह्या मागवल्या आहेत. मथळा देणाऱ्या सद्‌गृहस्थांना चौथ्या परिच्छेदापर्यंत पोहोचायला वेळ मिळाला नसावा. काल दिवसभर राग गिळला, आज लिहायला बसलो.

मी चौतीस वर्षे एका कंपनीत हिशेबनीस होतो. त्यामुळे नोटीस कशाला म्हणतात आणि धाड कशाला, हे मला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. कंपनी निबंधक म्हणजे कंपन्या दरवर्षी ज्याच्याकडे ताळेबंद आणि विवरणपत्रे भरतात तो अधिकारी. ती कागदपत्रे वाचताना त्याला काही खटकले, तर तो लेखी विचारणा करतो की हे काय आहे ते सांगा, किंवा अमुक कागद पाठवा. २०१३च्या कंपनी कायद्यातले कलम २०६ ते हेच. उत्तर आले नाही, अपुरे आले किंवा कारभार ठीक दिसला नाही, तर दुसरी नोटीस, आणि तीही कारणे लेखी नोंदवून. त्यानंतर प्रत्यक्ष तपासणी. एवढ्या सगळ्यात कोणी कोणाच्या कपाटाला हात लावत नाही. वह्या नष्ट होतील किंवा त्यांत खाडाखोड होईल असे मानायला सबळ कारण असेल, तर निबंधकाला आधी विशेष न्यायालयाचा आदेश आणावा लागतो, आणि मगच आत शिरून कागद जप्त करता येतात. धाड म्हणायचीच असेल तर त्याला म्हणा. तुमच्या बातमीत ना न्यायालय आहे ना जप्ती. आहे ती एक नोटीस.

याच बातमीच्या शेजारी एका पुढाऱ्यांची मागणी छापली आहे, की मुख्यमंत्र्यांनी या कंपनीची चौकशी लावावी. पुढाऱ्यांचे ठीक आहे, त्यांना बोलायचे असते. पण खाली एक ओळ टाकायला काय हरकत होती, की कंपनी कायद्याखालची चौकशी लावणे राज्य सरकारच्या हातात नाही? तो अधिकार केंद्र सरकारचा, म्हणजे कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाचा. निबंधकाचा किंवा तपासणी करणाऱ्या निरीक्षकाचा अहवाल आला, किंवा कंपनीने स्वतःच विशेष ठराव करून चौकशी मागितली, किंवा जनहितासाठी गरज वाटली, तर मंत्रालय चौकशी लावू शकते. न्यायालयाने किंवा राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने आदेश दिला तर लावावीच लागते. राज्याच्या पोलिसांची आर्थिक गुन्हे शाखा फसवणुकीचा गुन्हा नोंदवते, ती वाट निराळी.

तुमच्या 'तज्ज्ञांनी' चौकटीत आणखी एक दिवा लावला आहे, की कोणत्याही भागधारकाने अर्ज केला की चौकशी सुरू होते. असे असते तर बाजार पडला की दर सोमवारी शंभर चौकश्या लागल्या असत्या. भागधारक म्हणून न्यायाधिकरणाकडे जायचे तर शंभर सभासद हवेत किंवा एकूण मताधिकाराच्या दहा टक्के हिस्सा हातात हवा, शिवाय अर्जाला पुरावा जोडावा लागतो. वर खर्चापोटी तारण भरायला सांगितले जाऊ शकते, कंपनीच्या उलाढालीप्रमाणे दहा ते पंचवीस हजार रुपये. एकट्या-दुकट्या माणसालाही न्यायाधिकरणाचे दार बंद नाही, पण मग फसवणुकीच्या हेतूने धंदा चालला आहे अशी परिस्थिती त्याला दाखवून द्यावी लागते. आणि 'कंपनी सलग तीन वर्षे तोट्यात असल्याने चौकशी अटळ' या वाक्याबद्दल तर काय बोलावे! १९६६ साली बेरियम केमिकल्स कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चौकशीचा आदेशच रद्द केला होता. प्रकल्पाला उशीर, सततचा तोटा, शेअरचा पडलेला भाव, नामांकित संचालकांचे राजीनामे, एवढे सगळे सरकारने सांगितले होते. बहुमताचा निर्णय असा की यातून कारभार वाईट दिसेल, पण फसवणुकीचा संशय यावा असे यात काही नाही. जुन्या १९५६च्या कायद्याखालची ही गोष्ट, पण हिशेबाच्या धंद्यातली माणसे अजून तिचे नाव काढतात. तोटा आम्हीही लिहिला आहे वर्षानुवर्षे, लाल शाईने.

आता माझ्या संतापाचे खरे कारण. मी २०१५ साली निवृत्त झालो. २०१८मध्ये आमच्या जुन्या कंपनीची चौकशी लागली आणि एके दिवशी पोस्टमनने माझ्या हातात समन्स ठेवले. माझी पहिली प्रतिक्रिया हीच, की मी तर सुटलो, आता माझा काय संबंध? शेजारच्या वकिलांनी कलम २१७ उघडून दाखवले. त्यात जुने नोकरही येतात. कंपनीचे कागद ताब्यात असतील तर दाखवायचे, शपथेवर जबाब द्यायचा, लागेल ती मदत करायची. सबळ कारणाशिवाय टाळले तर सहा महिन्यांपर्यंत कैद, शिवाय दंड. पोटात गोळा आला, खोटे कशाला बोलू.

माझ्याकडे कागद म्हणजे एक खिशात मावणारी डायरी होती. बिल न जोडता आलेल्या रोख व्हाउचरांचे नंबर मी त्यात लिहून ठेवत असे, कारण ऑडिटच्या वेळी बोलणी आम्हीच खायचो. ती घेऊन गेलो. निरीक्षकांनी डायरी ठेवून घेतली, पोच दिली. इथवर सगळे रीतसर.

मग जबाब. मी मराठीत बोलत होतो, ते इंग्रजीत सांगत होते आणि कोपऱ्यातला मुलगा टाइप करत होता. दुपारचे तीन वाजले. शेवटी पाच पाने समोर आली आणि 'इथे सही करा' म्हणून बोट दाखवले गेले. मी म्हणालो, वाचून दाखवा. कपाळाला आठी पडली. मी म्हणालो, साहेब, जबाब लिहून घ्यायचा, वाचून दाखवायचा किंवा वाचू द्यायचा आणि मग सही, असे कलमातच आहे, आणि सही झाली की हाच कागद माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येतो हेही त्याच ओळीत आहे. वाचू दिला. तिसऱ्या पानावर लिहिले होते की 'ही व्हाउचरे बनावट असल्याचे मला माहीत होते.' मी काय बोललो होतो? 'व्हाउचरला बिल जोडलेले नव्हते, म्हणून मी संचालकांना विचारले.' बिल नसणे आणि बनावट असणे यांत किती अंतर आहे, हे हिशेबाची वही कधी उघडलेला माणूसच जाणे. एकात मी प्रश्न विचारणारा कारकून होतो, दुसऱ्यात साथीदार. अर्धा तास वाद झाला. 'अर्थ तोच आहे हो काका' असेही ऐकून घेतले. ओळ बदलली तेव्हाच सही केली, आणि बदललेल्या ओळीशेजारी आद्याक्षरे वेगळी घातली.

निरीक्षक वाईट माणूस नव्हता. पुढे दोनदा बोलावले, दोन्ही वेळा खुर्ची दिली, चहा दिला. पण डायरी काही मिळेना. अशा वह्या १८० दिवसांहून जास्त ठेवून घेता येत नाहीत. परत करून पुन्हा गरज पडली, तर लेखी आदेश काढून आणखी १८० दिवसांसाठी मागवता येतात. मला लेखी आदेश मिळाला नाही, डायरी मात्र अकराव्या महिन्यात मिळाली, तीही मी तीन स्मरणपत्रे पाठवल्यावर. दुसऱ्याच्या उशिराला रोजचा दंड लावणाऱ्यांनी स्वतःची तारीख पाहू नये, ही गंमत आहे.

त्या वर्षी एका वर्तमानपत्राने (तुमच्या नव्हे, उगाच दोष देत नाही) आमच्या जुन्या कंपनीवर 'छापे' पडल्याचे छापले. छापा कुठेच पडला नव्हता, माणसे समन्सवर हजर राहत होती. पण सोसायटीच्या जिन्यात मला दोघांनी हळूच विचारले, 'तुमच्याकडेही आले होते का हो?' एकाने तर 'काही लपवायचे असेल तर सांगा' असा प्रेमळ सल्लाही दिला. पत्नी महिनाभर भिशीला गेली नाही. म्हणून 'धाड' हा शब्द वाचला की माझे डोके फिरते. कालच्या कंपनीतही कोणी हिशेबनीस असेल, त्याच्याही जिन्यात शेजारी असतील.

खरेच चौकशी लागली तर निरीक्षकाचे हात निबंधकापेक्षा लांब असतात, हे मान्य. पुरावा नष्ट होईल असे त्याला सकारण वाटले, तर तोही आत शिरून कागद जप्त करू शकतो, फक्त आधी कंपनीला तिच्या खर्चाने नकला काढू द्याव्या लागतात. तसे झाले की खुशाल मोठा मथळा द्या. आणि चौकशीचा अहवाल आल्यावर कंपनीचे सभासद, धनको किंवा ज्यांच्या हिताला त्याची झळ पोहोचू शकते अशा कोणालाही केंद्र सरकारकडे अर्ज करून त्याची प्रत मागता येते, गंभीर फसवणूक तपास कार्यालयाकडे गेलेली प्रकरणे सोडून. अशी प्रत मिळालेल्या एखाद्या सभासदाला तुमच्यापैकी कोणी कधी गाठले आहे का? की नोटिशीच्या दिवशी पान पाच आणि अहवालाच्या दिवशी काहीच नाही, असाच रिवाज आहे?

जाता जाता आणखी एक. गेल्या दिवाळीआधी मी ज्येष्ठांच्या ठेवींवरील व्याजाबद्दल पत्र पाठवले होते. ते तुम्ही छापले, आभार. पण कापताना 'नाही' हा शब्द गेला आणि मी ज्या निर्णयाला विरोध करत होतो त्याचा समर्थक झालो. त्याबद्दल आलेले दोन फोन अजून लक्षात आहेत. तेव्हा हे पत्र कापायचे असेल तर जरूर कापा, जागेची अडचण मी समजतो. फक्त छापण्याआधी मला एकदा फोनवर वाचून दाखवा. नंबर पाकिटावर मागच्या बाजूला लिहिला आहे. दुपारी दोन ते चार सोडून कधीही.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस