क्रॉसिंगाक रवलो हा

चि. मुग्धा,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर चिडून म्हणालीस, "पॅसेंजर पंचवीस मिनिटं लेट होती, मग एका आडगावच्या स्टेशनात तासभर उभी का केली? मास्तर झोपला होता का?" फोनवर उत्तर द्यायचं राहिलं. तू शाळेत असतानाची एक जत्रेची संध्याकाळ सांगतो, त्यात उत्तर मिळेल.

मी तेव्हा सिंधुदुर्गात एका लहान स्टेशनावर मास्तर होतो. पॅसेंजरची वेळ 6:05. ती आमच्या लूपवर, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर उभी राहायची, 6:22 ला समोरून मुंबईकडे जाणारी सुपरफास्ट मेन लाइनवरून निघून जायची, मग पॅसेंजर पुढे सुटायची. यालाच आम्ही क्रॉसिंग म्हणतो. स्टेशनाबाहेर रूळ एकच. दोन स्टेशनांच्या मधल्या टापूत एका वेळी एकच गाडी. पलीकडच्या मास्तराने लाइन क्लिअर दिल्याशिवाय इकडचा सिग्नल पडतच नाही.

त्या दिवशी दोन स्टेशनं मागे गाडीखाली म्हैस आली. होज पाइप निसटला, ब्रेकचं प्रेशर गेलं, गाडी जागेवर थांबली. ड्रायव्हर आणि गार्डाने पाइप जोडून, प्रेशर भरून गाडी काढेपर्यंत पंचवीस मिनिटं गेली.

गाडी आमच्या अलीकडच्या स्टेशनात पोचली 6:15 ला. तिथून आमच्याकडे यायला पंधरा मिनिटं, म्हणजे 6:30. तोवर सुपरफास्ट माझ्या सिग्नलबाहेर आठ-दहा मिनिटं ताटकळली असती. कुठली गाडी आधी सोडायची ते ठरवणारा कंट्रोलर म्हणाला, आधी सुपरफास्ट काढा. ती तिकडे पोचली 6:36 ला. आता तरी पॅसेंजर सुटेल म्हणावं, तर पॅसेंजरच्या मागून आणखी एक एक्स्प्रेस येत होती. कंट्रोलरने तिलाही पुढे काढायला सांगितलं. ती 6:50 ला पॅसेंजरला ओलांडून माझ्याकडे 7:03 ला आली. ती माझ्या स्टेशनात पूर्ण आल्याशिवाय पॅसेंजरला लाइन क्लिअर देणं नाही. पॅसेंजर माझ्या फलाटाला लागली 7:20 ला. म्हशीची पंचवीस मिनिटं, क्रॉसिंगची आणि ओव्हरटेकची पन्नास. हा निर्णय कंट्रोलरचा असतो, मास्तराचा नाही. पण लोकांना खिडकीत दिसतो तो मास्तर!

आणि लोक तरी किती! बाहेर वस्तीची एसटी उभी, सुटायची वेळ 6:45. गाडीतून बाजार करून परतणाऱ्या कोळणी त्याच बसने खाडीपलीकडे जायच्या. कंडक्टर दर पाच मिनिटांनी खिडकीशी. "मास्तरांनू, गाडी खंय इली?" मी म्हटलं, "तिकडून सुटली की सांगतो." तो वैतागला, पण त्याहून पक्कं मी काय सांगणार? शेजारच्या मास्तराने गाडी सुटल्याचं कळवेपर्यंत कुठलीच वेळ खरी नसते. सव्वासहाला मी "साडेसहा" म्हटलं असतं, तर तेव्हा ते बरोबर वाटलं असतं आणि सात मिनिटांत खोटं ठरलं असतं. बिचाऱ्याने दहा मिनिटं जास्त थांबून बस काढली.

वाडीतल्या एका घरी मुलगी बघायला पाहुणे याच गाडीने यायचे होते. मुलीचा बाप स्टेशनात फेऱ्या मारत होता. घरी कांदेपोहे तीनदा गरम झाल्याचं तोच सांगत होता. पाहुणे उतरले ते इतके भुकेले की पोह्यांवर कोणी नाव ठेवलं नाही म्हणे. लग्न जमलं की नाही, ते आईला विचार, तिला असलं सगळं ठाऊक असतं.

खरी पंचाईत देवळाची. दशावतारी कंपनी दुपारीच टेम्पोने येऊन बसलेली, पण शंकासुर करणारा गडी मागच्या गावाहून पॅसेंजरने येणार होता. जत्रेचे दोघे मानकरी मोटारसायकल घेऊन फलाटावर. शंकासुराविना नाटकाआधीचा आडदशावतार व्हायचा कसा? त्यात एकाने मला ऐकवलं, "तुमचा तो लाल सिग्नल जरा हिरवा करा ना!" जणू बटण माझ्या एकट्याच्या हातात होतं.

गाडी आली, गडी उतरला. कोळणी टोपल्या घेऊन उभ्या, बस नाही. त्याच मानकऱ्यांपैकी एकाने फोन करून कंपनीचा रिकामा टेम्पो मागवला आणि त्यांना खाडीपर्यंत सोडलं.

ड्यूटी आठला संपली, रात्री आम्ही जत्रेला गेलो. तू आईच्या मांडीवर झोपली होतीस. वेद पळवलेला तो काळा शंकासुर रंगात आलेला. कोणीतरी त्याला दटावलं, विष्णू येऊन तुझा वध करील. त्याने कपाळावर आडवा हात धरून लांब पाहिलं आणि म्हणाला, "इष्णू खंयचो येता! तो क्रॉसिंगाक रवलो हा. मास्तर सिग्नल देणा नाय!"

सगळी जत्रा वळून माझ्याकडे बघत हसली. पुढे माझी बदली होईपर्यंत गावात कोणी मला नावाने हाक मारली नाही.

येताना पॅसेंजरनेच ये, पण शेवटच्या बसच्या भरवशावर राहू नकोस. मी स्कूटर घेऊन येतो.

तुझे,
बाबा