मोंपेलिएतला पहिला दिवस

फैजपूर,
पोळ्याचा दुसरा दिवस

चि. मेघास अनेक आशीर्वाद.

काल बैलांची मिरवणूक झाल्यावर ओट्यावर बसलो होतो, तेव्हा आजीने तुझ्या फ्रान्सला, मोंपेलिएत शिकायला जाण्याचा विषय काढला. "तिथं म्हणे गालाला गाल लावतात. पोरीनं काय करायचं?" तूही मागच्या आठवड्यात फोनवर हेच विचारलंस आणि मी गडबडीत "होईल तुला सवय" म्हणून सोडून दिलं. ते बरोबर झालं नाही. मी स्वतः 2009 साली ठिबकच्या कामासाठी मोंपेलिएला दीड महिना राहिलो आहे, आणि पहिल्याच रविवारी माझी चूक झाली होती. म्हणून सगळं नीट लिहितो.

त्या रीतीला ते 'ला बीझ' म्हणतात. पहिली गोष्ट, ओठ गालाला लावायचे नसतात. गालाला गाल हलकेच टेकतो आणि ओठांचा बारीक आवाज हवेत होतो, बस. हातांनी मिठी मारायची नाही. आपल्याकडे व्याहीभेटीत दोघं छातीला छाती लावून भेटतात ना, तसं तिथे अजिबात नाही. तिथल्या लोकांना मिठी ही गाल लावण्यापेक्षा जास्त जवळीक वाटते. तेव्हा तू मायेने कोणाला कवटाळलंस तर समोरचं माणूस अवघडेल. हात हवा तर समोरच्याच्या दंडाला किंवा खांद्याला हलका टेकव, नाहीतर खाली राहू दे.

आता माझी गोष्ट. मी आधी तीन दिवस पॅरिसला होतो. तिथे ओळखीच्या घरी दोनदा गाल लावले आणि मला वाटलं, फ्रान्सची रीत समजली. मग मोंपेलिएला आलो. रविवारी तिथल्या रोपवाटिकेच्या बाईंनी घरी जेवायला बोलावलं. दारात त्यांनी गाल पुढे केला, मी एक झालं, दोन झाले, आणि मागे सरलो. त्या तिसऱ्यासाठी पुढे येत होत्या. मी मागे होताना मान वळवली, त्यांचं नाक माझ्या चष्म्यावर आदळलं आणि चष्मा अंगणातल्या खडीवर पडला. एक काडी वाकली. त्या बिचाऱ्या नाक धरून माझीच माफी मागत होत्या आणि तीन बोटं दाखवून म्हणत होत्या, "इसी, से त्रवा." म्हणजे, इथे तीन. त्यांच्या नाकावर लाल वळ उठला होता. जेवताना सारखं माझं लक्ष तिकडेच जात होतं.

नंतर कळलं की ही संख्या गावोगाव बदलते. पॅरिसमध्ये आणि फ्रान्सच्या बऱ्याच भागांत दोन. मोंपेलिए आणि त्याच्या आसपासच्या दक्षिणेत तीन. पश्चिमेला ब्रेस्टकडे अनेक जण एकच करतात, आणि लुआर नदीच्या काही भागांत चारही चालतात. एकाच गावात दोन घरांच्या दोन रीती असतात, कारण माणसं आपल्या गावची सवय बरोबर घेऊन येतात. तुझ्या वर्गात देशभरातली मुलं असणार. त्यामुळे "मोंपेलिए म्हणजे तीन" एवढं पाठ करूनही भागणार नाही. तिथली मुलंसुद्धा हसून विचारतात, "दोन की तीन?" तूही विचार, त्यात कोणाला काही वाटत नाही.

पण संख्येपेक्षा मोठा घोटाळा बाजूचा आहे, आणि नाकं त्यानेच आपटतात. फ्रान्सच्या बहुतेक भागांत आधी उजवा गाल देतात, दक्षिण-पूर्वेकडे आधी डावा. हे ऐकून मी पुन्हा चुकलो असतो, कारण उजवा गाल द्यायचा तर डोकं डावीकडे न्यावं लागतं. एक जण 'उजवीकडे' म्हणताना गाल धरतो, दुसरा दिशा धरतो. तू आरशासमोर उभी राहून एकदा करून बघ. उजवा गाल पुढे काढ, म्हणजे तुझं नाक डाव्या खांद्याकडे वळलेलं दिसेल. तिथे गेल्यावर मात्र हे आठवत बसू नकोस. समोरच्याच्या नाकाकडे बघ. त्याची मान तुझ्या डोळ्यांसमोर ज्या बाजूला झुकते, तिच्या विरुद्ध बाजूला तुझी मान ने. म्हणजे नाकं एकमेकांना टाळून जातात. त्यासाठी अर्धा क्षण थांबावं लागतं. तसंच शेवटी. दोन झाले की लगेच मागे सरू नकोस, मान स्थिर ठेव. तिसरा असेल तर तो येईल, नसेल तर समोरचं माणूस स्वतःच मागे होतं. मी तेवढाच क्षण थांबलो असतो तर त्या बाईंना लागलं नसतं. चष्मा असेल तर आधीच काढून हातात धर. तिथले चष्मेवालेही तसं करतात.

आता पहिल्या दिवसाचं. विद्यापीठात, कचेरीत, प्राध्यापकांना, घरमालकिणीला पहिल्या भेटीत गाल लावत नाहीत. तिथे हात मिळवतात. म्हणून हातभर अंतरावर असतानाच "बाँझूर" म्हण आणि उजवा हात पुढे कर. हात लवकर पुढे आला की समोरच्याला तुझा विचार कळतो आणि तो तसाच वागतो. उशीर केलास तर तो अर्धा झुकलेला असतो, मग तुझा हात त्याच्या पोटात जातो आणि दोघांची फजिती होते. "बाँझूर" मात्र विसरू नकोस. दुकानात शिरतानाही ते आधी म्हणायचं, मग सामान मागायचं. आपल्याकडे ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला "राम राम" न करता पुढे गेलं तर कसं दिसतं, तसंच ते दिसतं.

गाल लावणं सुरू होतं ते मित्रमैत्रिणींच्या घोळक्यात. कोणाच्या खोलीवर जेवायला गेलीस तर आलेल्या प्रत्येकाला वेगळं भेटावं लागतं, आणि निघताना पुन्हा. दहा जण असले तरी दहाही. एकदा त्या दिवशी भेटून झालं की संध्याकाळी तोच पुन्हा दिसला तर परत करायचं नाही, नाहीतर त्याला वाटेल सकाळची भेट तू विसरलीस. मुलगे आपसात बहुतेक हात मिळवतात, पण दक्षिणेत जवळचे मित्रही गाल लावतात. ते बघून वेगळा अर्थ काढू नकोस.

आणि तुला नकोच वाटलं तर? करू नकोस. सर्दी झालीय म्हटलं की तिथे कोणी पुढे येत नाही, ही रोजची सबब आहे. पण माझी पोर खोटं का बोलेल? हसून हात पुढे कर आणि सांग की आमच्याकडे असंच भेटतात. 2020 मध्ये करोना आला तेव्हा त्यांच्या आरोग्यमंत्र्यांनीच गाल लावणं टाळायला सांगितलं होतं. तेव्हापासून कित्येकांनी, विशेषतः कामाच्या ठिकाणी, ते पुन्हा सुरू केलेलं नाही. त्यामुळे तू एकटी वेगळी दिसणार नाहीस. आजीला मी हे सांगितलं तेव्हा ती जरा निवांत झाली. मग म्हणाली, "आपले वारकरी तर एकमेकांच्या पायाच पडतात, लहान-मोठं बघत नाहीत. त्यांचं ते त्यांच्याकडे." मला ते पटलं.

तुझ्या आईने कळण्याचं पीठ दोन किलो बांधलं आहे. विमानात वजन बसतं का ते कळव. आणि पहिल्या दिवशी वसतिगृहात कोणी भेटलं, दोन झाले की तीन, आधी कोणता गाल, ते रात्री फोनवर सांग. आजी ऐकल्याशिवाय झोपणार नाही.

तुझे,
आप्पा