मीटरच्या फोटोवरून वीजबिलाचा हिशेब

संगमनेरच्या घराचे वीजबिल, 12 जानेवारी 2025

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेला मीटरचा फोटो मिळाला. डिसेंबरचे बिलही समोर ठेवले आहे. या महिन्याचे बिल किती येईल, असे तुम्ही विचारले होते, म्हणून पूर्ण हिशेब लिहिते; पुढच्या वेळी तो तुम्हांला घरीच करता येईल.

आपल्या मीटरवर आकड्यांची छोटी चाके एका ओळीत आहेत. पहिली पाच काळ्या पार्श्वभूमीवरची आहेत आणि उजवीकडचे शेवटचे लाल आहे. ते लाल चाक युनिटचा दहावा भाग दाखवते, त्यामुळे रीडिंग लिहिताना ते सोडून द्यायचे. फोटोत 04826 आणि त्यापुढे लाल चौकटीत 7 दिसतो, म्हणून रीडिंग 4826 धरावे. लाल आकडाही चुकून जोडला तर ते 48267 होईल, म्हणजे रीडिंगच दहापट फुगेल. कधी एखादे चाक दोन आकड्यांच्या मध्ये अर्धवट फिरलेले दिसते. उजवीकडचे चाक 9 वरून 0 वर जात असताना असे होते, आणि तेव्हा त्या अर्धवट चाकावरचा आधीचा आकडा घ्यायचा; 9 आणि 0 यांच्या मध्ये असेल तर 9. फोटो काढताना मोबाइल मीटरच्या अगदी समोर, त्याच उंचीवर धरा आणि फ्लॅश बंद ठेवा. काचेवर चमक आली की 3 आणि 8 यांत फरक कळत नाही. मीटरचा क्रमांकही फोटोत येऊ द्या, म्हणजे तो बिलावरच्या क्रमांकाशी ताडता येतो.

डिसेंबरच्या बिलावर चालू रीडिंग 4589 आहे. 4826 मधून ते वजा केले की 237 युनिट उरतात. बिलावरचा ‘गुणक अवयव’ 1 असल्यामुळे या संख्येत आणखी काही बदल होत नाही.

आता वीज आकार. 100 युनिटांच्या पुढे गेले की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो, असे तुम्हांला वाटते, पण तसे नाही. महावितरणच्या 2024-25 या वर्षाच्या घरगुती दरानुसार पहिल्या 100 युनिटांना प्रत्येकी 4.71 रुपये लागतात आणि 101 ते 300 मधल्या युनिटांना 10.29 रुपये. म्हणून आपले 237 युनिट 100 आणि 137 असे फोडायचे. पहिल्या भागाचे 471 रुपये होतात, दुसऱ्याचे 1409.73, आणि दोन्ही मिळून 1880.73. सगळ्या 237 युनिटांना 10.29 चा दर लावला असता तर हीच रक्कम 2438.73 झाली असती.

त्यात वहन आकार मिळवायचा. तो सर्व युनिटांना सारखाच, 1.17 रुपये, म्हणून 277.29 रुपये. सिंगल फेजचा स्थिर आकार 128 रुपये. एकूण 2286.02 झाले. त्यावर 16 टक्के वीज शुल्क म्हणजे 365.76 रुपये, आणि बिल साधारण 2651.78 रुपयांचे. इंधन समायोजन आकार मी यात धरलेला नाही, कारण तो महिन्यागणिक बदलतो. तुमच्या बिलावर त्याची ओळ असेल तर ती रक्कम वीज शुल्क काढण्याआधी मिळवा.

आई, तू गीझरबद्दल विचारले होतेस. आता आपण दुसऱ्या टप्प्यात असल्यामुळे जादा जाणारे प्रत्येक युनिट 10.29 आणि 1.17 मिळून 11.46 रुपयांचे, आणि शुल्कासह सुमारे 13.29 रुपयांचे पडते. 2 किलोवॅटचा गीझर अर्धा तास सतत तापत राहिला की एक युनिट होते. थंडीत बिल वाढते ते मुख्यत्वे याच युनिटांमुळे.

एका गोष्टीवर मात्र जरूर लक्ष ठेवा. घर बंद असल्याने एखाद्या महिन्याचे रीडिंग झाले नाही आणि पुढे दोन महिन्यांचे एकत्र बिल आले, तर टप्पे दोन महिन्यांत विभागलेले आहेत का ते पाहा. समजा, दोन महिन्यांचे 474 युनिट आहेत. महिन्याला 237 धरल्यास वीज आकार 3761.46 रुपये होतो. तेच एका महिन्याचे मानले, तर शेवटचे 174 युनिट 14.55 रुपयांच्या तिसऱ्या टप्प्यात जातात आणि आकार 5060.70 वर पोहोचतो. असे बिल दिसले तर पैसे भरण्याआधी दोन्ही वेळच्या मीटरचे फोटो घेऊन कार्यालयात जा आणि बिल दुरुस्त करून मागा. दर महिन्याला रीडिंगच्या दिवशी एक फोटो काढून मोबाइलमध्ये जपून ठेवा. हे फोटो तेव्हा उपयोगी पडतील.

तुमची लेक