सन्मानिकांचा भार मदतनिधीवर

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मदतनिधीसाठी झालेल्या एका गाण्याच्या कार्यक्रमाचा तिकीटहिशेब नुकताच मी सांभाळला. दारावर 'हाऊसफुल्ल'ची पाटी लागली होती, तरी निधी ठरवल्यापेक्षा कितीतरी कमी जमला. पैसा कुठे गेला हे शोधायला मला दोन रात्री लागल्या. असे कार्यक्रम करणाऱ्या इतरांना उपयोग व्हावा म्हणून ते लिहितो आहे.

सभागृह 800 आसनांचे. समजायला सोपे जावे म्हणून सगळ्या तिकिटांचा दर एकच धरतो. सभागृहाचे भाडे, ध्वनिव्यवस्था, साथीदारांचे मानधन, छपाई असा सगळा खर्च 450 तिकिटांच्या रकमेएवढा होता. म्हणजे पहिली 450 तिकिटे खर्चातच जाणार आणि निधी उरलेल्या 350 मधून उभा राहणार. आम्ही 150 सन्मानिका वाटल्या. विकली गेली 650 तिकिटे, खर्च वजा जाता निधीला मिळाले फक्त 200 तिकिटांचे पैसे. समितीत सगळे म्हणत होते, 'एवढ्या मोठ्या सभागृहात दीडशे म्हणजे काय?' आसनांच्या हिशेबाने ते एकोणीस टक्के होतात हे खरे, पण निधीतले त्रेचाळीस टक्के त्यांनी नेले. सन्मानिकांमुळे खर्च काही कमी होत नाही, त्यामुळे फुकट दिलेले प्रत्येक आसन थेट निधीतूनच वजा होते.

यातल्या 40 सन्मानिका कलाकार आणि साथीदारांच्या घरच्यांसाठी होत्या. त्या द्यायलाच हव्यात, कारण ही माणसे निम्म्या मानधनावर आली होती. बाकीच्या 110 आम्ही समितीच्या लोकांनी ओळखीपाळखीत वाटल्या. मध्यंतरात मी दारावर जमा झालेले त्यांचे अर्धे तुकडे मोजले, ते पन्नासच भरले. पुढच्या तीन रांगांत 'राखीव' लिहिलेले कागद खुर्च्यांना चिकटवलेले तसेच होते. खिडकीवरून निराश होऊन परतलेली माणसे मी स्वतः पाहिली होती. पूर्ण दराचे तिकीट काढलेले एक वृद्ध जोडपे मागच्या रांगेतून त्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत होते. त्यांना पुढे बसवायला गेलो, तर स्वयंसेवकाने मला अडवले, 'पाहुणे येतील.' शेवटपर्यंत कोणी आले नाही.

उपाय साधा आहे. सन्मानिकेवर आसन क्रमांक छापू नये. पाहुण्याने दोन दिवस आधी येणार असल्याचे कळवावे आणि कार्यक्रमापूर्वी अर्धा तास खिडकीवर सन्मानिका देऊन क्रमांकाचे तिकीट घ्यावे. ज्यांनी कळवले नाही त्यांची आसने तेव्हाच विक्रीला मोकळी होतात. क्रमांक आधीच छापला असेल तर ते आसन दुसऱ्याला देता येत नाही. उशिरा आलेला पाहुणा आपलीच खुर्ची मागतो आणि दारात वाद होतो. प्रायोजकांना दिलेल्या आसनांची रक्कम मात्र त्यांच्या देणगीतून तिकिटाच्या दराने वळती करून दाखवावी, म्हणजे ती फुकटात मोजली जात नाहीत.

दर ठरवतानाही आमची हीच चूक झाली. खर्च आणि ठरवलेला निधी यांच्या बेरजेला आम्ही 800 ने भागले. खरे तर सन्मानिका आणि ध्वनियंत्रणेमागे झाकली जाणारी आसने आधी वगळायला हवी होती. उरलेल्यांपैकी साठ-पासष्ट टक्के विकली गेली तरी खर्च निघेल असा दर हवा.

आता परताव्याविषयी. आमच्या तिकिटामागे बारीक अक्षरांत छापले होते, 'कोणत्याही कारणाने पैसे परत मिळणार नाहीत, रक्कम देणगी समजली जाईल.' मला हे मुळीच पटले नाही. माणूस तिकीट घेतो ते गाणे ऐकण्यासाठी, देणगी द्यायची की नाही हे त्याने ठरवायचे असते. कार्यक्रम रद्द झाला तर न मागताही पूर्ण पैसे परत जावेत. ज्याला ते निधीलाच द्यायचे असतील त्याने तसे लेखी कळवावे, गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे. तारीख पुढे गेली तर तेच तिकीट चालावे, पण ज्याला नवी तारीख जमत नाही त्याला परतावा मागायला पंधरा दिवस तरी मिळावेत. ऐनवेळी स्वतःच्या अडचणीमुळे न येणाऱ्याला परतावा नाकारणे मी समजू शकतो. तरी आठवडाभर आधी कळवले, तर ते तिकीट पुन्हा विकून त्याचे पैसे देता येतात.

समितीची खरी भीती वेगळी होती: परत द्यायला पैसेच उरले नसते. विक्रीचे पैसे येतील तसे भाड्यात आणि जाहिरातीत जात होते. तिकिटांची रक्कम कार्यक्रम पार पडेपर्यंत वेगळ्या खात्यात ठेवली आणि आगाऊ खर्च प्रायोजकांच्या पैशांतून केला, तर ही अडचण येत नाही. तेवढे प्रायोजक मिळाले नसतील तर विक्री सुरू करू नये.

आमच्या पुढच्या कार्यक्रमाच्या बैठकीत मी सन्मानिकांची मर्यादा 40 वर आणण्याचा ठराव मांडणार आहे. कार्यक्रमानंतर विकलेली तिकिटे, सन्मानिका, खर्च आणि निधी हे चार आकडे सभागृहाच्या दारावर लावावेत, अशीही सूचना करणार आहे. आपल्या बातमीदारांनी 'हाऊसफुल्ल' लिहिताना आयोजकांना हेच चार आकडे विचारावेत, ही विनंती.

आपला,
एक वाचक