झालरीवर प्रक्रिया, दिव्यापासून अंतर

मंडपात अग्निशमन यंत्र ठेवल्याशिवाय गणेशोत्सवाचा परवाना नाही, ही बातमी वाचली. अट योग्यच आहे, पण यंत्र कामी येते ते पेटल्यानंतर. तपासणी व्हायला हवी ती झालरींची आणि दिव्यांची.

हॅलोजनच्या नळीची काच अडीचशे अंश सेल्सिअसच्या वर तापते. कागद साधारण २३० अंशांना पेट घेतो. गेल्या वर्षी आमच्या मंडळात क्रेप कागदाची माळ लावताना दिव्यापासून वीतभर दूर होती. पंखा लागला, माळ झुलू लागली आणि तासाभरात तिची कड तपकिरी पडली. करपल्याचा वास आला म्हणून कळले. तात्पुरत्या मंडपांच्या भारतीय मानकात बल्ब आणि सजावटीत किमान १५ सेंटिमीटर अंतर सांगितले आहे. ते मोजायचे पंखा चालू करून. हॅलोजन तर मंडपात नकोच, एलईडी घ्यावेत.

कापडाने सहज पेट घेऊ नये म्हणून त्यावर अमोनियम सल्फेट, बोरॅक्स, तुरटी अशा क्षारांच्या द्रावणाची प्रक्रिया होते. मात्र हे क्षार पाण्यात विरघळतात. भाद्रपदातल्या एका सरीने भिजलेला पडदा पुन्हा साधाच होतो, मग मंडप कंत्राटदाराचे प्रमाणपत्र कितीही ताजे असो. म्हणून परवाना देताना त्याच कापडाची पट्टी मंडपाबाहेर उभी धरून खालच्या टोकाला बारा सेकंद काडी लावावी. काडी काढताच ज्योत विझली नाही, तर तो पडदा उतरवायला लावावा.

— एक वाचक, पुणे