विषय: ‘मखमली मऊ’ घोंगडीचे पैसे परत मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

काल संध्याकाळी तुमच्या माणसाने चौथ्यांदा तेच सांगून फोन ठेवला, म्हणून लेखी देत आहे.

वडिलांसाठी घोंगडी मागवली. तुमच्या पानावर लिहिलं होतं, ‘अस्सल मेंढीची लोकर, हातमागावर विणलेली, मखमली मऊ’. माण तालुक्यात वाढलेल्या माणसाला घोंगडी मऊ नसते हे माहीत असतं. पण हल्ली विकणारे सगळ्यालाच मखमली म्हणतात, म्हणून तो शब्द मी सोडून दिला आणि ‘अस्सल’ तेवढा खरा धरला.

आली ती खरोखरच मऊ. आमच्या जुन्या घोंगडीवरून तळहात फिरवला की खरखर लागते, उघड्या पाठीला टोचते. चिंचोक्याची खळ दिलेली नवी घोंगडी ताठ असते, झटकली की जाड आवाज करते. हिचा आवाजच आला नाही. पाण्याचा हबका मारला, तर ओल्या मेंढराचा वास नाही. जुनी भरते अडीच किलो, ही त्याच मापाची असून नऊशे ग्रॅम. शेवटी कडेचा एक धागा ओढून पेटवला. लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चिमटीत चुरते. हा धागा वितळला, प्लॅस्टिकचा वास आला आणि टोकाला काळा कडक मणी धरला.

हे सगळं फोनवर सांगितलं. तुमचा माणूस म्हणाला, “मॅडम, वर्णनात मऊ लिहिलंय, तुम्हाला मऊच मिळाली. मग तक्रार कसली?” मी म्हटलं, लोकर कुठाय? तो म्हणाला, “बाकीच्या ग्राहकांना टोचत नाही म्हणून आवडते.” मी म्हटलं, टोचत नाही हीच माझी तक्रार आहे. त्यावर तो हसला. सत्तरी ओलांडलेला माझा बाप जन्मभर घोंगडीवर झोपला, त्याने ही नुसती चाचपली आणि घडी करून बाजूला ठेवली. त्यात हसण्यासारखं काय होतं, ते मला कळवा.

गिऱ्हाइकाला माल हाताळता येत नाही, तेव्हा त्याच्या हाताचं काम तुमच्या शब्दांनी करायचं असतं. ‘हाताला खरखरीत, अंगाला टोचते. खळीमुळे सुरुवातीला ताठ. भिजली की मेंढराचा वास येतो. वजन अडीच किलो.’ एवढं लिहिलं की ज्याला नको तो घेणार नाही, आणि ज्याला हवी तो फसणार नाही. वजनाचा आकडा तर तुमच्या पानावर कुठेच नाही. तो असता तरी मी वाचले असते.

आठ दिवसांत पूर्ण पैसे परत करा आणि पानावरचं ‘अस्सल मेंढीची लोकर’ काढा. नाहीतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करणार आहे. घोंगडी, जळलेला धागा आणि वजनाचा फोटो माझ्याकडे आहे.

तुमची ग्राहक,
दहिवडी, जि. सातारा